‘सेकंड इंजिनिअर’ एवढंच लिहून भागणार नाही

जहाजावरून किनाऱ्यावरच्या कारखान्यातल्या नोकरीकडे वळण्यासाठी तू लिहिलेला बायोडेटाचा सारांश वाचला. पहिल्या ओळीत नुसतं ‘सेकंड इंजिनिअर’ आहे. कारखान्यातल्या एचआरला ते दुय्यम पद वाटेल. खरं तर इंजिनरूमचं रोजचं काम तूच चालवतोस. हुद्दा तसाच ठेव, पण लगेच पुढे लिही: ‘चीफ इंजिनिअरच्या हाताखाली देखभाल विभागाची दैनंदिन जबाबदारी, मुख्य इंजिन, जनरेटर, बॉयलर यांचा नियोजित मेंटेनन्स, सुट्या भागांचा साठा.’ स्वतःला ‘प्लांट मॅनेजर’ मात्र म्हणवू नकोस, कागदपत्रं तपासताना अडकशील.

बंदरांची यादी काढून टाक. एकाच कंपनीचे करार एका शीर्षकाखाली घे आणि मधला काळ रजेचा होता हे स्पष्ट लिही, नाहीतर दर काही महिन्यांनी नोकरी सोडल्यासारखं दिसतं.

खरं वजन सुरक्षेच्या कामाला आहे. ‘आयएसएम पाळलं’, म्हणजे जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमावली पाळली, यातून किनाऱ्यावर काहीच कळत नाही. टाकीत माणूस उतरवण्याआधी तू हवा खेळवतोस, ऑक्सिजन आणि घातक वायू मोजतोस, परमिट भरतोस, तोंडाशी माणूस उभा करतोस. तिकडे याला ‘कन्फाइन्ड स्पेस एंट्री’ म्हणतात. ब्रेकर बंद करून, कुलूप घालून टॅग लावणं म्हणजे ‘लॉकआउट-टॅगआउट’. हेच शब्द वापर. रिफायनरीतला सेफ्टी ऑफिसर ते लगेच ओळखतो.