पंचविसावं की सव्विसावं? आणि ‘चि.’ कुणी कुणाला लावायचं?

प्रश्न : आई-पप्पांच्या लग्नाला येत्या १० मे रोजी २५ वर्षं पूर्ण होताहेत (लग्न २००१ चं). पत्रिका आम्ही भावंडंच काढतोय. छापखान्यातून आलेल्या मसुद्यात ‘२५ व्या वर्षात पदार्पण’ आणि खाली ‘निमंत्रक : चि. अमुक, कु. तमुक’ असं आहे. दोन्ही खटकतंय. मजकूर घरातला, मायेचा वाटायला हवा. काय लिहावं?

उत्तर : खटकलं ते बरोबरच खटकलं.

आधी आकडा. बाळाचा पहिला वाढदिवस होतो तेव्हा त्याचं एक वर्ष संपलेलं असतं आणि दुसरं सुरू होतं. लग्नाचंही तसंच. १० मे २००२ हा पहिला वाढदिवस, १० मे २०२६ हा पंचविसावा, आणि त्याच दिवशी पदार्पण सव्विसाव्या वर्षात. ‘२५ व्या वर्षात पदार्पण’ हे गेल्या मेमध्ये झालं. आमच्या नात्यातल्या एका पत्रिकेत हीच चूक होती. आत्याबाईंनी बोटं मोजली आणि भर मांडवात विचारलं, “म्हंजे अजून चोवीसच झाली व्हय?”

हा घोळ होतो तो आपल्या तालीम-मंडळांच्या हिशेबामुळे, असं मला वाटतं. मंडळ २००१ साली गणपती बसवायला लागलं, तर त्या वर्षीचा उत्सव हाच पहिला धरतात. म्हणजे पंचविसावा उत्सव २०२५ लाच येतो, २४ वर्षांनी. तिथे उत्सव मोजतात, इथे उलटलेली वर्षं. लग्नाचा दिवस हा लग्नाचा पहिला वाढदिवस कुणी म्हणत नाही. गोंधळ टाळायचा तर ‘पदार्पण’ गाळाच आणि ‘२५ वर्षं पूर्ण’ म्हणा.

‘रौप्यमहोत्सव’ एक शब्द म्हणून जोडून लिहा. मसुद्यात ‘मोहोत्सव’ झालंय का, तेही पाहा. महा + उत्सव, ‘मो’चा संबंध नाही. बाकी आपल्या कोल्हापूरला हुपरीसारखं चांदीचं गाव इतकं जवळ असून बोलताना ‘रौप्य’ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शब्द पत्रिकेपुरताच आहे, तेव्हा मथळ्यात एकदा आला की पुरे.

आता ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, दीर्घायुषी हो. हा थोरांनी धाकट्यांना दिलेला आशीर्वाद आहे. लग्नपत्रिकेत तो शोभतो, कारण तिथे बोलावणारे आई-वडील असतात आणि ज्यांचं लग्न ती मुलं. तुमच्या पत्रिकेत हे नातं उलटं झालंय. बोलावणारी मुलं, आणि स्वतःच स्वतःला ‘चिरंजीव’ म्हणताहेत! नुसती नावं लिहा, ‘कु.’सुद्धा नको. आई-पप्पांच्या नावांआधी सौ. आणि श्री. लावा. (पत्रिका आजीच्या नावानं काढलीत तर मात्र पन्नाशीतल्या पप्पांना ‘चि.’ लावता येईल, आणि ते फार गोडही दिसेल.)

याच उलट्या नात्यामुळे आणखी एक वाक्य तपासा. छापील साच्यात ‘वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ असतं. वधूवर आता नाहीत, आणि पप्पांच्या कामावरची धाकटी पोरं त्यांना आशीर्वाद कसले देणार? पप्पांचे मामा आशीर्वाद देतील, बाकीचे शुभेच्छा. दोन्ही शब्द ठेवा.

माया कुठून येते? ‘करण्याचे योजिले आहे’ सोडलं की निम्मं काम होतं. पण मग सगळाच मजकूर बोलीतला हवा. वर ‘योजिले’ आणि खाली ‘यायचं हं’ असं झालं की दोन माणसांनी लिहिल्यासारखं दिसतं. लग्नपत्रिकेच्या तळाशी घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ अशी ओळ असते ना, तुमची पत्रिका म्हणजे तीच ओळ मोठी झालेली. मी असं लिहिलं असतं :

> ॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
>
> आमच्या आई-पप्पांचा लग्नाचा रौप्यमहोत्सव
>
> २००१ च्या पत्रिकेत तळाला आमची नावं नव्हती, कारण आम्हीच नव्हतो. ती कसर आता भरून काढतोय. सौ. … आणि श्री. … यांच्या लग्नाला १० मे रोजी २५ वर्षं पूर्ण होताहेत. भांडण झालं की पप्पा चहा करतात आणि आई तो गोड आहे म्हणते, साखर नसली तरी. त्या चहाची शपथ, घरच्या सगळ्यांना घेऊन या. थोरांनी आशीर्वाद द्या, बाकीच्यांनी शुभेच्छा. आहेर आणू नका. जेवणाला तांबडा-पांढरा आहे, शाकाहारी पंगत वेगळी.
>
> आमच्या आई-पप्पांच्या लग्नाच्या वाढदिवसाला यायचं हं!
>
> (तुमची नावं)

चहाचं वाक्य माझं आहे. त्या जागी तुमच्या घरातलं काहीतरी घाला, पण एकच. तीन-चार घातलीत तर पत्रिकेचं भाषण होईल.