पुरवठादाराकडे हप्ते मागायचेत, पण संबंध तुटू द्यायचे नाहीत

प्रश्न: इंदूरमध्ये माझं पॅकिंगचं छोटं काम आहे. कागदाच्या पुरवठादाराचं बिल दहा दिवसांनी देय आहे आणि एवढी रक्कम एकदम निघणार नाही. आठ वर्षांचा व्यवहार आहे. हप्त्यांचं कसं बोलू? पुढच्या तारखांचे चेक देऊन टाकले तर बरं दिसेल का?

उत्तर:

चेकवाली ओळ वाचली आणि राहवलं नाही. देऊ नका.

सांवेर रोडला माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. गिऱ्हाइकं बहुतेक नमकीनवाली. दिवाळीआधी त्यांना खोकी भरभरून लागतात, पैसे मात्र दिवाळी उलटून गेल्यावर निवांत येतात. क्राफ्ट पेपरची रीळं मी ज्या सेठजींकडून घेतो, त्यांची उधारी ३० दिवसांची. मधली पोकळी दरवर्षी ठरलेली.

२०१९ मध्ये ४,८०,००० अडकले. आधी मी बँकेच्या दारात बसलो. शाखेचं नाव घेत नाही. तात्पुरती लिमिट वाढवून मागितली, तर "पुढच्या आठवड्यात बघू" करत त्यांनी सहा आठवडे घालवले आणि शेवटी एक कागद कमी असल्याचं सांगितलं, जो मी पहिल्याच दिवशी दिला होता. त्या सहा आठवड्यांत सेठजींशी एक शब्द बोललो नाही, कारण बँकेचं होणारच आहे असं वाटत होतं. मग देय तारीख उलटून गेल्यावर धावत गेलो आणि चांगलं दिसावं म्हणून १,२०,००० चे चार चेक लिहून दिले, दर महिन्याच्या ५ तारखेचे. ५ का? तर एका मोठ्या गिऱ्हाइकाने "पाच तारखेला नक्की" म्हटलं होतं. पहिला चेक वटला, दुसरा परत आला.

सेठजींनी नोटीस पाठवली नाही, ही त्यांची भलाई. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ते कलम १३८ ची नोटीस देऊ शकत होते, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत मी पैसे भरले नसते तर फौजदारी तक्रार झाली असती. त्यांनी फक्त फोनवर म्हटलं, "भिया, देरी से दिक्कत नहीं है, झूठी तारीख से है." आणि उधारी बंद. पुढची दिवाळी रोखीत माल उचलून काढली. एवढी रीळं एकदम घ्यायला पैसे नव्हते, म्हणून दोन गिऱ्हाइकं सोडावी लागली. हप्ते मागितल्याने काही बिघडलं नव्हतं. जे पैसे दुसऱ्याच्या खिशात होते त्यांवर मी तारखा लिहिल्या, तिथे बिघडलं.

२०२२ ला परत तीच वेळ आली, या वेळी ६,४०,००० चं बिल. १२ सप्टेंबरचं, देय १२ ऑक्टोबर. आधी घरी बसून मागच्या आठ आठवड्यांची वसुली वहीतून काढली. अडकलेलं मोठं गिऱ्हाईक हिशोबात धरलंच नाही. बाकीच्यांकडून आठवड्याला साधारण २,२०,००० येत होते. मजुरी, वीज, टेम्पो आणि नवीन कागद मिळून १,४०,००० जात होते. उरले ८०,०००. कबूल केले ६०,०००. हे वरचे वीस हजार सोडणं जड जातं, पण तेच तुम्हाला वाचवतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे देय तारखेच्या सहा दिवस आधी, दुकानी जाऊन बसलो. फोनवर नाही. सांगितलं ते एवढंच: ठरल्या तारखेला १,००,००० देतो, उरलेले ५,४०,००० दर बुधवारी ६०,००० प्रमाणे नऊ हप्त्यांत. तोवर नवीन माल रोख, म्हणजे तुमची उधारी वाढणार नाही, कमीच होत जाईल. बुधवार अशासाठी की सोमवार-मंगळवारची वसुली तोवर खात्यात जमा झालेली असते. मोठं गिऱ्हाईक आलं तर ते सगळे एकदम देईन, पण त्याची तारीख मी देणार नाही. सेठजींनी व्याजाचं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते. त्यांनी सोडून दिलं. तुमचे सोडतीलच असं नाही, तेव्हा आकडा मनात ठेवून जा.

संध्याकाळी हेच सगळं बिल नंबरासकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि त्यांचं "ठीक है" आलं. तो मेसेज अजून जपून ठेवलाय. २६ ऑक्टोबरला पाडवा होता, त्या दिवशी पैसे बाहेर काढायचे नाहीत म्हणून तो आठवडा आधीच वगळला होता. नोव्हेंबरात एका बुधवारी कमी पडलं. सोमवारीच फोन करून सांगितलं, ३५,००० दिले, उरलेले २५,००० पुढच्या हप्त्याबरोबर. २१ डिसेंबरला खातं साफ झालं आणि जानेवारीत त्यांनी स्वतःहून ३० दिवसांची उधारी परत सुरू केली.

यात एक बारीक गोष्ट होती, ती कोणी सांगत नाही. प्रत्येक हप्त्याच्या ट्रान्सफरमध्ये जुन्या बिलाचा नंबर लिहा. दोन हप्ते मी नुसतेच पाठवले, आणि त्यांच्या मुनीमजींनी ते नवीन मालाच्या बिलात टाकले, जे मी वेगळं रोखीत दिलेलं होतं. जुनं बिल जागच्या जागी. पैसे कुठल्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितलं तर घेणाऱ्याने तसंच वळते करायचे असतात, करार कायद्यात तशी तरतूद आहे. तुम्ही गप्प राहिलात तर मात्र ते त्यांच्या मर्जीवर. महिन्यातून एकदा लेजर मागवून जुळवत जा.

आता कायद्याचं. मी सीए नाही, तुमच्या सीएला विचाराच. पुरवठादार स्वतः उत्पादक असेल आणि उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडची मुदत कायदा मानत नाही, करार नसेल तर १५ दिवसच. २०२३-२४ पासून त्याला आयकराचा काटाही लागला. मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला थकलेली असेल तर त्या वर्षी खर्चात धरत नाहीत, देता त्या वर्षी धरतात. पुरवठादार प्रेमाने "चालेल" म्हणाला तरी यात सूट नाही, म्हणून हप्ते मार्चच्या आत संपतील असेच बसवा. माझे सेठजी व्यापारी, उत्पादक नाहीत. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती असल्याने माझ्या सीएच्या मते हे त्यांना लागू नाही. जीएसटीचं मात्र सगळ्यांना लागू: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर थकलेल्या रकमेपुरतं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येतं, व्याज गेलं ते गेलं.

अजून एक, हे माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडून द्या. हप्ते चालू असताना दुसऱ्या कागदवाल्याकडे उधारी मागायला जाऊ नका. सकाळी मागितलेली उधारी आपल्या बाजारात संध्याकाळपर्यंत सेठजींच्या कानावर असते, आणि मग ते बुधवारची वाट बघत नाहीत. तुमच्याकडे दहा दिवस आहेत ना? मग आज वही काढा, परवा जाऊन बसा. आणि त्यांनीच चेक मागितले तर रक्कम तुमच्या वसुलीच्या आत आहे का ते आधी बघा, एकच द्या, तोही पहिल्या हप्त्याचा.