जजच्या मतांची 2-2 टाय आणि प्रोग्रॅमनं परस्पर लावलेला निकाल

प्रश्न: "कापसाच्या बॉटची 240 उत्तरं जज मॉडेलकडून 4-4 वेळा pass/fail तपासून घेतली आणि बहुमत काढलं. 70.4 टक्के पास आले. मग शीट नुसती verdict कॉलमवर सॉर्ट केली तर तोच प्रोग्रॅम 62.5 टक्के दाखवून राहिला. मतं तीच, एकही बदललं नाही. 31 उत्तरांवर 2-2 आहे. रन वाढवू, की टाय सरळ नापास धरू?"

ताई, आधी ते टक्के काहून बदलले ते पाहू, कारण सगळी गडबड तिथंच आहे. तुमच्या प्रोग्रॅममधे बहुतेक `Counter(mate).most_common(1)[0][0]` अशी ओळ असंल, जवळपास सगळेच तशी लिहितात. यात दोन बाजूंचा आकडा सारखा झाला की पायथन काही एरर देत नाही, यादीत जे मत पहिले दिसलं ते वर ठेवते आणि तेच निकाल म्हणून हातात देते. `statistics.mode` पण 3.8 पासून तसंच करते. म्हणजे तुमच्या 31 टाय उत्तरांचा निकाल खरं तर एकट्या पहिल्या रननं लावला, त्यात 19 ला पहिलं मत pass होतं म्हणून 150 अधिक 19 असे 169 पास, म्हणजे 70.4 टक्के. सॉर्ट केल्यावर fail मधला f हा pass मधल्या p च्या आधी येते, म्हणून 31 च्या 31 नापास झाले अन् राहिले 150, म्हणजे 62.5. जज दोन्ही वेळा एकच गोष्ट बोलला, आकडा तुमच्या शीटच्या क्रमानं ठरवला.

म्हणून पहिलं काम, टायला तिचं स्वतःचं नाव द्या:

```python
from collections import Counter

def nikal(mate, kami=3):
    n = Counter(mate)
    if n["pass"] >= kami:
        return "pass"
    if n["fail"] >= kami:
        return "fail"
    return "tie"
```

यात `kami=3` हा पक्का आकडा ठेवला, "आलेल्या मतांच्या अर्ध्याहून जास्त" असं नाही ठेवलं, ते मुद्दाम. कधी कधी जजचं एखादं उत्तर अर्धवट येते, त्यातून pass की fail ते वाचताच येत नाही, असं एक मत गळालं आणि 2-1 राहिलं तर अर्ध्याचा नियम लावणारा प्रोग्रॅम त्याला बहुमत म्हणते. मी 2-1 ला चारपैकी निकाल मानत नाही, ते रन पुन्हा करून घ्यायचे.

आता रन वाढवायचे का? एक हिशोब सांगतो. समजा जज एका वेळेला 70 टक्के बरोबर निघतो आणि प्रत्येक रनची चूक वेगळीवेगळी राहते. तर 3 मतांच्या बहुमतानं तो 78.4 टक्के बरोबर येते. 4 मतं घेतली आणि 2-2 ला नाणं उडवलं, तरी बरोबर 78.4 च येते, एक दाणा पण जास्त नाही, म्हणजे चौथ्या मताचे पैसे वाया. 5 मतांवर 83.7 होते. आणि इथं एक सोपी गोष्ट आहे, जिथं आताच 3-1 किंवा 4-0 आहे तिथं पाचवं मत काही उलटवूच शकत नाही, जास्तीत जास्त 3-2 होईल. म्हणून पाचवा रन फक्त त्या 31 उत्तरांवर करा, बाकी 209 ला हात लावायची गरज नाही, निकाल पूर्ण 5 रन केल्यासारखाच येते. पण एकच रन, अन् तो करायच्या आधी ठरवून. "मनासारखं येईस्तोवर अजून एक" असं सुरू केलं की मग ते मोजमाप राहत नाही.

पण पाचवा रन घ्यायच्या आधी ती 31 उत्तरं स्वतः वाचा, एक संध्याकाळ लागंल. हे मी अनुभवानं सांगून राहिलो. आमच्याकडे गुलाबी बोंडअळीचा एक प्रश्न होता, बॉटनं उत्तर दिलं की "5 कामगंध सापळे लावा". आमच्या नमुना उत्तरात हेक्टरी 5 होते. जज 2-2. चारही रनची कारणं वाचली तर दोन रननं बॉटचं बोलणं हेक्टरी धरून पास केलं होतं, दोननं एकरी धरून नापास, कारण आपल्याकडं माणूस एकरातच बोलते. म्हणजे जज डगमगून नव्हता राहिला, आमच्या तपासणीच्या सूचनेतच लिहिलं नव्हतं की एकक नसंल तर काय करायचं. सूचनेत एक ओळ टाकली, "क्षेत्राचं एकक नसलेलं प्रमाण नापास", आणि तेच उत्तर 4-0 नं नापास झालं. अशा टायवर पाचवं मत घेतलं असतं तर कोणत्या तरी बाजूनं 3-2 झालं असतं आणि सूचनेतलं भोक तसंच राहिलं असतं. फक्त लक्षात ठेवा, सूचना बदलली की सगळे 240 पुन्हा चालवा, नुसते टायवाले नाही, नाहीतर अर्धे जुन्या मापानं अन् अर्धे नव्या मापानं मोजल्यासारखं होते.

एवढं करून जे टाय उरतील ते सरसकट नापास धरायचे का, तर नाही. ग्रामपंचायतीत दोघांना सारखी मतं पडली तर चिठ्ठी काढतात, कारण तिथं एक माणूस निवडावाच लागते. इथं तसं कोणतं बंधन नाही. मी विषयावरून वेगळं करतो. पेरणीचं अंतर, बाजारभाव कुठं पाहायचा, असल्या उत्तरांना पाचवं मत चालते. फवारणी, औषधाची मात्रा, दोन औषधं मिसळणं, यातली टाय मात्र कृषी सहायकाकडं नाहीतर जाणत्या माणसाकडं जाते आणि तो पाहीपर्यंत नापासच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं, तिथं मी नाणं उडवणार नाही.

आणि अहवालात एक टक्का लिहू नका. "150 पास, 59 नापास, 31 टाय, म्हणजे पास 62.5 ते 75.4 टक्क्यांच्या मधे" असं लिहा. पुढच्या महिन्यात बॉटची नवी आवृत्ती 68 वर आली तर ती सुधारली असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही, हे वाचणाऱ्याला तिथंच दिसते.

अजून एक, वरचा 83.7 चा हिशोब रनच्या चुका वेगळ्यावेगळ्या असल्या तरच. टेम्परेचर शून्य ठेवलं असंल तर पाचही रन बहुतेक सारखेच बोलतील, ते एकच मत पाच वेळा मोजणं झालं. आणि जज एखाद्या विषयात निम्म्याहून जास्त वेळा चुकत असंल तर बहुमत उलट नुकसान करते, 40 टक्के बरोबर असलेला जज 3 मतांनी 35 वर येते. हे टायमधे कधीच दिसत नाही, एकमतात लपून राहते. म्हणून 4-0 वाल्यांतून पण थोडी उत्तरं काढून माणसाकडून तपासा. आम्ही काढली तेव्हा एक असं सापडलं, नमुना उत्तरात "10 लिटर पाण्यात 20 मिली" होतं, बॉटनं "पंपाला 20 मिली" सांगितलं, पंप 15 लिटरचा, आणि जजनं 20 हा आकडा जुळला म्हणून चारही वेळा पास केलं होतं.