जाळी असूनही प्रेक्षकाला चेंडू लागतो तेव्हा

प्रश्न: आमच्या तालुक्यात लेदर बॉलची स्पर्धा भरवणार आहोत. सीमेवर जाळी लावली की प्रेक्षक सुरक्षित असतात का, आणि कुणाला चेंडू लागलाच तर आयोजकाने नेमके काय करायचे?

मी आयोजक असलेल्या स्पर्धेत असे घडले आहे, म्हणून तेच सांगतो. आमची खेळपट्टी उत्तर-दक्षिण होती आणि पूर्वेकडच्या सीमारेषेबाहेर पाच मीटर उंच नायलॉनची जाळी लावून तिच्यामागे खुर्च्या मांडल्या होत्या. दुपारच्या सामन्यात उत्तर टोकाच्या उजव्या फलंदाजाने मिडविकेटवरून उंच फटका मारला. चेंडू जाळीवरून जाऊन पहिल्या रांगेतील एका गृहस्थांच्या कानाच्या वर लागला. सूर्य पश्चिमेला कलल्यामुळे त्या बाजूच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येत होते, त्यामुळे चेंडू कुणालाच नीट दिसला नाही.

जाळी सपाट येणारा चेंडू अडवते. उंच उडालेला चेंडू मात्र सीमेजवळ येईपर्यंत तीव्र उताराने खाली पडत असतो, म्हणून जाळीलगतची पहिली रांगही खरे तर सुरक्षित नसते. जाळीची घरे पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावीत, कारण चेंडूचा व्यास सात सेंटिमीटरच्या आसपास असतो. ती ताणून न बांधता थोडी सैल सोडावी, म्हणजे चेंडूचा वेग तिच्यातच जिरतो; पण मग ती मागे झुकते, त्यामुळे तिला टेकून कुणी बसता कामा नये.

पंचांनी खेळ थांबवला. स्वयंसेवकांनी त्या गृहस्थांना उठून बसू दिले नाही, डोके व मान स्थिर धरून जखमेवर निर्जंतुक कापसाची घडी दाबून ठेवली आणि कापडात गुंडाळलेला बर्फ बाजूला लावला. (कवटी दबल्यासारखी लागली तर तिथे दाबायचे नसते.) कुणी पाणी घेऊन धावले, त्यांनाही अडवले, कारण शस्त्रक्रियेची वेळ आल्यास पोट रिकामे असलेले बरे. ते गृहस्थ शुद्धीवर होते, परंतु "सामना कुणाचा चालू आहे?" हे त्यांनी दोनदा विचारले, आणि तेवढ्यावरूनच आम्ही १०८ ला फोन केला.

कानाच्या वरचे हाड पातळ असते आणि त्याच्या आत एक रक्तवाहिनी असते. ती फाटली तर माणूस आधी ठणठणीत वाटू शकतो आणि काही तासांनी रक्त साचून बेशुद्ध होऊ शकतो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, कानातून वा नाकातून पातळ पाणी येणे किंवा बाहुल्या असमान दिसणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर घरी पाठवू नये. त्या गृहस्थांचे सीटी स्कॅन सुदैवाने स्वच्छ आले, टाके पडले, आणि डॉक्टरांनी रात्रभर देखरेखीखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही खुर्च्या जाळीपासून बऱ्याच मागे घेतल्या, दुपारच्या सत्रात पूर्वेची बाजू रिकामी ठेवून प्रेक्षकांना पश्चिमेला बसवले, आणि अपघाताची वेळ, षटक, बसण्याची जागा व साक्षीदारांची नावे नोंदवहीत लिहून ठेवली.