गेल्या दिवाळीच्या ग्राहकांना ईमेल: ३६५ दिवस मोजू नका, पंचांग बघा

प्रश्न: नाशिकला माझा फराळ आणि मनुक्यांच्या गिफ्ट बॉक्सचा छोटा धंदा आहे. २०२५ च्या दिवाळीत घेतलेले साधारण ४०० लोक परत फिरकलेच नाहीत. यंदा दिवाळीआधी त्यांना ईमेल करायचाय. कधी पाठवू, काय लिहू आणि किती डिस्काउंट देऊ?

मी पण नाशिकचीच, गंगापूर रोडला आमचं किचन आहे, चिवडा, शंकरपाळी, अनारसे आणि पिंपळगावकडच्या मनुका, म्हणजे तुमचाच धंदा, त्यामुळे मी जे तोंडावर आपटून शिकले तेच सांगते.

२०२३ मध्ये मी ईमेलच्या टूलमध्ये ऑटोमॅटिक लावून ठेवलं होतं की शेवटच्या ऑर्डरला ३६५ दिवस झाले की मेल आपोआप जाईल. लावलं आणि विसरले. आता २०२२ ची दिवाळी लवकर होती, लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, म्हणून बहुतेक ऑर्डरी ८ ते १८ ऑक्टोबरच्या. पण २०२३ ला अधिक श्रावण आला आणि दिवाळी सरकली १२ नोव्हेंबरवर, आणि सर्वपित्री अमावस्या होती १४ ऑक्टोबरला. म्हणजे आमचा "चला, दिवाळीची तयारी सुरू!" वाला मेल निम्म्या लोकांना ऐन पितृपक्षात पोचला. पंचवटीतल्या एका जुन्या ग्राहक काकूंचा फोन आला, "अगं, उद्या घरी श्राद्ध आहे आणि तू मला लाडू कसले विकतेस?" बाकीच्यांना तो नवरात्रात मिळाला, त्यांनी वाचला असेल आणि अजून महिना आहे म्हणून सोडून दिला असेल.

तुमच्याकडे यंदा अगदी हेच होणार आहे, कारण २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ८ नोव्हेंबरला आहे, तब्बल १८ दिवसांचा फरक. पितृपक्ष १० ऑक्टोबरला संपतोय, दसरा २० ला. म्हणून ऑटोमॅटिक काही असेल तर आधी बंद करा आणि ऑर्डरची तारीख लक्ष्मीपूजनाच्या आधी किती दिवस होती ते मोजा. शीटमध्ये एक कॉलम वाढवायचा, बस. आमच्याकडे लोक साधारण दिवाळीच्या ६ ते १६ दिवस आधी ऑर्डर देतात, म्हणून मेल त्याच्या थोडा आधी, दसरा झाला की लगेच, यंदाच्या हिशोबात २२-२३ ऑक्टोबर. नवरात्रात पाठवू नका, लोक उपासात आणि गरब्यात असतात.

दुसरं म्हणजे हे लोक "सोडून गेलेले" नाहीतच हो. फराळाचा डबा माणूस वर्षातून एकदाच घेतो, मग मार्चमध्ये त्याने काही घेतलं नाही यात रुसण्यासारखं काय आहे? "आम्हाला तुमची आठवण येतेय", "कुठे हरवलात?" असले मेल कपड्यांच्या ॲपला शोभतात. तुमच्या ग्राहकाची फक्त वेळ झालीय, त्याला त्याचीच ऑर्डर आठवण करून द्यायची. माझा मेल आता एवढाच असतो:

विषय: गेल्या वर्षीचाच डबा ठेवू का?

"नमस्कार, गेल्या दिवाळीत तुम्ही आमच्याकडून मोठ्या फराळाचे २ डबे घेतले होते. यंदा भाजणीची चकली नव्याने घातलीय, बाकी सगळं तेच. तसेच २ डबे हवे असतील तर खालच्या बटणावर पत्ता तपासून पाठवा. महाराष्ट्राबाहेर पाठवायचे असतील तर ३० ऑक्टोबरपर्यंत सांगा, त्यानंतर कुरिअर वेळेत पोचेल याची मी खात्री देत नाही. यंदा घ्यायचं नसेल तरी चालेल, खाली नाव काढायची लिंक आहे."

यात डब्यांचा आकडा आणि प्रकार प्रत्येकाच्या ऑर्डरमधून भरला जातो. स्वतःला टेस्ट मेल पाठवून बघाच, कारण नावाचा रकाना रिकामा असला की "नमस्कार ," असं जातं, म्हणून मी नावच काढून टाकलं. आणि डबा कोणाला पाठवला होता ते मात्र चुकूनही लिहू नका. "गेल्या वर्षी बाबांना पाठवला होतात" हे वाचायला गोड वाटतं, पण वर्षभरात ते बाबा गेले असले तर? असं एकदा झालंय माझ्याकडून, त्या ताईंनी उत्तरात फक्त "ते आता नाहीत" एवढंच लिहिलं, मला दोन दिवस चैन नव्हतं.

डिस्काउंटचं म्हणाल तर पहिल्या मेलमध्ये देऊच नका. ९५० च्या डब्यावर १५ टक्के म्हणजे १४२ रुपये ५० पैसे, आणि तूप, काजू, पॅकिंग वजा जाता तुमच्या हातात दोनशे राहत असतील तर त्यातलं बहुतेक गेलं, तेही अशा माणसाला जो पूर्ण भावात घेणारच होता. ज्यांनी बटण दाबलं पण ऑर्डर टाकली नाही त्यांनाच २७-२८ ला एक साधा मेल करा, वाटलं तर मनुकांचं छोटं पाकीट फुकट. तिसरा मेल नको.

मेलमुळे किती ऑर्डरी आल्या हे कळायला मी २०२४ ला एक गंमत केली. माझ्या यादीतल्या ४०० मधले ६० जण डोळे मिटून बाजूला काढले आणि त्यांना काहीच पाठवलं नाही. ३४० मधून ४१ ऑर्डरी आल्या, मी खूश. पण त्या न पाठवलेल्या ६० मधूनही ४ आल्याच होत्या! म्हणजे त्याच हिशोबाने ३४० पैकी तेवीसेक जण मेल नसता तरी आले असते, खरी कमाई सतरा-अठराची. साठ हा आकडा छोटा आहे, दोन इकडे तिकडे झाले की हिशोब हलतो, पण "४१ ऑर्डरी मेलने आल्या" या थापेपेक्षा बरा. किती जणांनी मेल उघडला याकडे बघूच नका, ॲपलचं मेल ॲप चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो.

आणि वर्षभर ज्या यादीला मेल गेलेला नाही तिला एकदम चारशे सोडू नका, आधी ८०-१०० पाठवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. परत आलेले पत्ते लगेच काढा. तुमच्या डोमेनवर SPF आणि DKIM, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज, लावल्यात ना हे वेबसाइटवाल्या पोराला विचारा. गूगल ढोबळमानाने हजारात तीन लोकांनी स्पॅम म्हटलं तरी नाक मुरडतं, म्हणजे तुमच्या यादीत एक-दोन माणसं पुरेशी आहेत, म्हणून ती नाव काढायची लिंक बारीक अक्षरात लपवू नका. ती सापडली नाही की लोक सरळ स्पॅम दाबतात.

नाव काढणाऱ्यांचं वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडच्या एका काकांनी मेलमधून नाव काढलं आणि त्याच संध्याकाळी दुकानावर येऊन तीन डबे घेऊन गेले, म्हणे मला ते मेल-बिल कळत नाही.