मिश्र श्रोत्यांपुढे अभंग निवडताना

नाशिकच्या सिडकोतल्या सोसायटीच्या कार्यक्रमात विठ्ठलाचा अभंग गायचाय ना, बिनधास्त गा. एका देवाच्या स्तुतीने सहसा कोणी दुखावत नाही. खटकतो तो ‘बाकीचे देव काय कामाचे’ अशा अर्थाचा चरण, कारण समोर त्र्यंबकेश्वरला नेमाने जाणारे शिवभक्त असतात, जैन असतात.

असा चरण आला तर शब्द बदलू नकोस. संतांची दुरुस्ती करणारे आपण कोण? चरण गाळ, पण शेवटचा, नाममुद्रेचा ठेव. धृपदच तसं असेल तर अभंगच दुसरा घे. मी अशा वेळी नरहरी सोनारांचा काढतो. शिवाशिवाय कोणाला न पाहणारा हा सोनार डोळे बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घ्यायला गेला आणि हाताला शंकरच लागला, ही कथा निवेदनात दोन वाक्यांत सांग. शैव, वैष्णव दोघेही खूश.

खरी चूक पुढे होते. गायक माइक श्रोत्यांकडे वळवून ‘हात वर करून म्हणा, जय श्रीराम’ म्हणतो. नाशिक हे १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचं गाव. बाबासाहेबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेत दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णाला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. बौद्ध शेजारी तुझं गाणं आवडीने ऐकेल, जयघोष मात्र त्याच्याकडून वदवून घेऊ नकोस. ‘ज्यांना म्हणायचंय त्यांनीच म्हणा’ हेही नको, त्याने गप्प बसलेला उलट उठून दिसतो. जयघोष आपल्या टाळकऱ्यांनीच करायचा.