एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र वजा झाले. बँक दाद देत नाही

प्रश्न: नौपाड्यातल्या एटीएममधून 10,000 रुपये निघाले नाहीत, पण खात्यातून कापले गेले. शाखेत नुसतं 'बघतो' म्हणतात. थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ का?

उत्तर: लगेच नको. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तिच्यावर 30 दिवस जाऊ द्या, नाहीतर लोकपालाकडे ती दाखलच होत नाही. काउंटरवरचं बोलणं धरलं जात नाही. एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार स्वतःच्याच बँकेत करायची. शाखा व्यवस्थापकाच्या नावाने अर्ज द्या, त्यात व्यवहाराची तारीख, वेळ आणि एटीएमचा क्रमांक लिहा, आणि प्रतीवर तारखेसह शिक्का घ्याच. आठवड्याभरात हालचाल नसेल तर तोच अर्ज नोडल अधिकाऱ्याला ईमेल करा. पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो. मुदत पहिल्या अर्जापासूनच मोजली जाते. म्हणजे 10 जूनला अर्ज दिला असेल, तर 10 जुलै उलटल्यावर cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेने त्याआधीच लेखी नकार दिला, तर थांबायची गरज नाही.

भरपाईही मागा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार असे पैसे व्यवहारानंतर 5 दिवसांत परत जमा व्हायला हवेत. पुढे दिवसाला 100 रुपये, म्हणजे 20 दिवस उशीर झाला तर 2,000. हे बँकेने आपणहून द्यायचे असतात, तरी अर्जात आकडा लिहा.

मात्र हेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात नेलं असेल, तर लोकपाल ते घेत नाही.